शेवटासकट

माझ्या हातची मेथीची जुडी हिंगणघाटच्या बाजारात कोणी सोडून पाहत नाही. आत गवत नाही, पिवळं पान नाही, मुळांची माती झटकलेली, आणि सगळ्या जुड्या एका मापाच्या. टोपलं पाहिलं की माणसं विचारतात, "कोकिळाबाईचं हाय का?" हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी एका अशा जुडीचं कौतुक करणार आहे जिच्यात यातलं काहीच नव्हतं.

आमचं गाव जामपासून जवळ, हायवे सोडून थोडं आत. वावर लहानच, पण विहिरीला पाणी आहे म्हणून आम्ही भाजीपाला करतो. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. दुपार कलली की तोडायचं, दिवेलागणीला ओसरीवर बसून जुड्या बांधायच्या आणि पहाटे टेम्पोत चढवायच्या. मुलगा आदेश बुटीबोरीला कंपनीत आहे. सून अंकिता सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स, लहान मुलांच्या वॉर्डात. ड्युटीच्या दिवसांत ती तिकडेच खोली करून राहते आणि सुट्टीला गावी येते. तिची चार वर्षांची पोरगी सुरभी मात्र आमच्याजवळ असते. सकाळी अंगणवाडी, बाकी सगळा वेळ माझा पदर.

संध्याकाळ तेवढी कठीण. माझे हात मेथीत, यांचे वांग्यात. हे म्हणजे माझे मालक, रूपराव. सुरभी मध्येमध्ये करायची, जुड्या सोडायची, सुतळी पळवायची. मग आबाजींचा, म्हणजे यांचा, मोबाईल तिच्या हातात जायचा आणि घर चिडीचूप व्हायचं. गावात घरोघरी हेच चालतं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. त्या मोबाईलमधली कार्टूनं एक पाहावं न् एक झाकावं अशी. कोणी पडतंय, कोणी फुटतंय, कोणी किंचाळतंय, आणि एक संपायच्या आत दुसरं सुरू. सुरभी पापणी लवू देत नसे. जेवायला हाक मारली की ऐकू जायचं नाही, आणि मोबाईल काढून घेतला की आकांत मांडायची. लाथा मारायची, डोकं आपटून घ्यायची. दसऱ्याच्या आधी एकदा तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. हे हसून म्हणाले, "आमच्या खानदानातला राग हाय तो." यांच्या खानदानात मिरवण्याजोगं दुसरं काही नाही हे खरं आहे.

दसऱ्याला अंकिता आली आणि तिची नजर माझ्या मनगटावर गेली. नर्सच ती, दातांचे वण ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिने आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही चढवला असता.

"आई," ती म्हणाली, "तुमाले त्रास होऊन राह्यला, अन् पोरीलेबी. असंच राह्यलं तर मी तिले सेवाग्रामले घेऊन जाईन. तिथं पाळणाघर हाय."

 तोंडाने मी म्हणाले, "जा न घेऊन, कोण अडवून राह्यलं?" आणि मागच्या अंगणात जाऊन उगाच स्वच्छ घागर पुन्हा घासली. सुरभी या घरातून गेली तर मी संध्याकाळी कोणावर ओरडणार? यांच्यावर? त्यांच्यावर ओरडून ओरडून चव गेली आहे.

पण अंकिता नुसती धाक घालून जाणाऱ्यातली नाही. पुढच्या सुट्टीला ती एक पेनड्राइव्ह घेऊन आली. जामच्या चौकात विवेकचं मोबाईलचं दुकान आहे, तिथून आमच्या टीव्हीवर चालतील अशा चित्रफिती तिने त्यात भरून आणल्या होत्या. कार्यक्रमाचं नाव 'चिंधीची खिडकी'.

चिंधी ही कापडाची बाहुली. तिची एक खोली, खोलीला एक खिडकी. एका भागात ती एकच काम करते. कधी कणीक मळते, कधी बुटाचा चिखल धुते, कधी रोपट्याला पाणी घालते. बस, एवढंच. गाणं असलं तर गुणगुणण्यापुरतं. कोणी पळत नाही, पडत नाही. कणीक मळायची म्हटली की ती मळून होईपर्यंत तुम्ही परात पाहायची. मधूनच चिंधी विचारते, "पाणी अजून घालू का?" आणि गप्प बसून राहते.

पहिल्या दिवशी ती अशी गप्प बसली तेव्हा यांनी उठून टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली. "अटकला वाटते," म्हणाले.

"अटकला नाई, बाबा," अंकिता म्हणाली. "ते सुरभीले विचारून राह्यली. लहान पोरांले उत्तर सुचायले वेळ लागते. तेवढा वेळ देतात इथं."

सुरभी टीव्हीकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थोडंसंच घाल." आणि चिंधीने थोडंसंच घातलं. पोरीचा चेहरा असा खुलला की मला पटलंच, हे पाणी तिनेच घातलं.

प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला. काम झालं की चिंधी भांडी पुसून जागेवर ठेवते, सांडलेलं आवरते, खिडकीशी येते आणि म्हणते, "माझं झालं. आता तुझं." मग खिडकी हळूच लागते आणि टीव्ही शांत होतो.

अंकिताने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, वॉर्डातल्या पोरांच्या आयांना सांगत असेल तसं. दिवसाला दोन भाग, त्याहून जास्त नाही, आणि दोन म्हणजे दोन हे सुरू करायच्या आधीच सुरभीला सांगायचं. जवळ कोणीतरी बसायचं. घड्याळ पाहून मधेच बंद करायचं नाही, गोष्ट संपली की बंद करायचं. "मोबाईलमधल्या त्या कार्टूनाले शेवटच नाई, आई. कवाबी बंद केलं तरी पोराच्या हातातून हिसकावल्यासारखंच होते. इथं आपून बंद नाई करत. ते आपोआप संपते, अन् पोराले समजते का संपलं." आणि संपल्यावर तिच्या हाताला लगेच काहीतरी काम द्यायचं.

"म्हणजे मी काम सोडून बाहुलीचा स्वैपाक पाहत बसू?" मी फणकारले.

"ओसरीतून टीव्ही दिसते न, आई. तिथंच बसा, जुड्या बांधत."

सुरुवातीला मोबाईलसाठी सुरभीने घर डोक्यावर घेतलं. यांनी मोबाईल लपवायच्या जागा शोधल्या आणि एकदा तर स्वतःच विसरले, शेजारच्या तानाबाईच्या फोनवरून रिंग द्यावी लागली तेव्हा तो ज्वारीच्या कोठीत वाजला. पण हळूहळू पोरगी वळणावर आली. दिवाळीनंतर तर खिडकी लागली की ती आपणहून उठायची, टीव्हीचं बटन दाबायची, माझ्याजवळ येऊन बसायची आणि म्हणायची, "चिंधीचं झालं. आता माह्यं." मी तिला सुतळीचे तुकडे मोजके कापून ठेवायला द्यायची. तेच तेच भाग ती पुन्हा पुन्हा पाहायची आणि तिला कंटाळा येत नसे. उलट पुढे काय होणार हे आधी सांगण्यातच तिला मोठेपणा वाटायचा. मला तर ती चिंधी आवडू लागली होती. तव्याची मागची बाजू घासणारी बाई मला टीव्हीवर पहिल्यांदाच दिसली.

आणि मग यांनी पराक्रम केला. वांग्यांचे क्रेट घरात रचायचे म्हणून टीव्हीचं टेबल ढकललं, आणि मागे लावलेला पेनड्राइव्ह भिंतीवर दाबून मोडून ठेवला.

"त्यात काय येवढं?" हे म्हणाले. "विवेकजवळ असनच. आत्ता आणतो." गाडी काढून जामला गेले आणि तासाभरात छाती फुगवून परत आले. "विवेकनं एकदम पेशल बनवून देलं. म्हणे काकाजी, तुमच्या नातीसाठी फुकटात. पह्यल्यापेक्षा चांगलं."

त्या संध्याकाळी सुरभीने दोन भागांनंतर आकांत मांडला.

मी ओसरीत पाठमोरी होते, पालकाचा ढीग मोठा होता म्हणून. रडणं ऐकून वळले तर पोरगी टीव्हीला हात लावून ओरडत होती आणि टीव्ही चालूच होता. यांनी तो बंद केला तशी ती जमिनीवर लोळली. "पाह्य," हे म्हणाले, "आणखी पाह्यजे म्हणते. गेलं सारं पाण्यात." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नेमका त्याच वेळी अंकिताचा फोन आला. मी उचलला नसता तर बरं झालं असतं, पण उचलला. सुरभीचं किंचाळणं तिने कानाने ऐकलं.

 मग म्हणाली, "आई, मी रविवारी येऊन राह्यलो. तिचे कपडे भरून ठेवजा."

मी "बरं" म्हणाले.  त्या रात्री मी जेवले नाही आणि यांच्याशी बोलले नाही. सुरभीच्या फ्रॉकांच्या घड्या घालायला घेतल्या आणि तशाच कपाटात परत ठेवून दिल्या. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. एवढी वळणावर आलेली पोरगी एकाएकी बिघडते कशी? दूधही नासायला काही कारण लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मेथीला हात लावला नाही. यांना म्हटलं, तुम्ही बांधा. आणि सुरभीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले.

चिंधी झाडू मारत होती. कचरा कोपऱ्यात गोळा झाला. सुरभी माझ्या कानात म्हणाली, "आता सुपलीत भरन." आणि पुढच्याच क्षणी चिंधी कणीक मळायला बसली. कचरा तिथेच. झाडू मधे पडलेला. खिडकी नाही, "माझं झालं" नाही, काही नाही.

मांडीवरची पोरगी काठीसारखी ताठ झाली. "तिचं झालं नाई, आजी!" ती ओरडली. "तिनं कचरा नाई भरला! तिचं झालं नाई!" आणि रडू लागली.

खरं सांगते, मलाही राग आला. भर खोलीत झाडू टाकून कणीक मळायला बसणारी बाई माझ्या घरात असती तर मी तिला उभी केली नसती. मी पाहत राहिले. कणीक होते न होते तोच बूट आले, बुटांमागून रोपटं. एकामागून एक, कशालाच टोक नाही. मी पोरीला पोटाशी धरलं. तिला जास्त पाहायचं नव्हतंच. तिला संपलेलं पाहायचं होतं. तीन दिवस आम्ही दोघं घोडे तिच्यावरच ओरडत होतो, आणि ती बिचारी आमच्या शहाणपणापेक्षा खरं सांगत होती.

"शेवट कोणं कापला?" मी यांना विचारलं.

"कायचा शेवट?" हे म्हणाले. त्यांच्या हातातली मेथीची जुडी मुळं वर करून बांधलेली होती.

शनिवारी सकाळी मी स्वतः जामला गेले. भाजीचा टेम्पो मला चौकात सोडून गेला. विवेकच्या दुकानासमोर नेहमीसारखे ट्रक लागलेले. नागपूरकडून येणारे, हैदराबादकडे जाणारे, ढाब्यावर जेवायला थांबले की ड्रायव्हर त्याच्याकडून पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून घेतात. पोरगा तसा गुणाचा, माझ्या माहेरच्या गावचा. मला पाहून त्याने खुर्ची पुसली.

"मावशी, आवडलं का सुरभीले? मी सारे भाग जोडून देले. सुरुवात अन् शेवट काढून टाकला. आता एकदा लावला का उठाचं कामच नाई."

"ते काऊन काढलं रे?"

"आमचं कामच ते हाय, मावशी." त्याला अजून माझ्या आवाजाचा अंदाज आला नव्हता. "डायवर लोकायले गाण्याच्या मधात रिकामी जागा नाई पाह्यजे. थोडी शांतता झाली का डोळा लागते. म्हणून मी साऱ्यायचे शेवट छाटून एकाले एक जोडतो. जामच्या चौकात असा नॉन-स्टॉप दुसरा कोणी बनवत नाई. तुमची ते बाहुली त लयच शांत हाय. म्हटलं, निदान शेवटी ते भांडे पुसत बसते ते तरी काढून टाकू. पोरगी बोर होईन."

आता मी त्याला काय बोलणार? पोराने जीव ओतून केलं होतं, फुकट केलं होतं, आणि माझं घर मोडायला आलं होतं.

"विवेक," मी म्हटलं, "तुह्या डायवरले झोप नाई आली पाह्यजे. माह्या नातीले उठता आलं पाह्यजे. तिच्या आईनं ते बाहुली त्या भांडे पुसण्यासाठीच आणली होती. ते नाई पुसत तवपर्यंत पोरगी उठन कशी? तू माह्या घरातला दरवाजाच काढून टाकला बाबू, अन् आम्ही पोरीले म्हणून राह्यलो का बाहेर निघ."

 त्याने डोक्याला हात लावला. "अव माय! हे त माह्या ध्यानातच नाई आलं." अंकिताने दिलेले मूळ भाग त्याच्या कॉम्प्युटरवर होते. तो कामाला लागला. तेवढ्यात त्याला आणखी एक गोष्ट सुचली. "मावशी, एका फोल्डरात एकच भाग टाकतो. नाई त टीव्ही आपल्या मनानं पुढचा लावते. तो संपला का टीव्ही थांबन. दुसरा पाह्यचा असन तर आपल्या हातानं लावा लागन."

"हे मस्त केलं," मी म्हणाले. कौतुक करायचं तिथे मी हात आखडता घेत नाही.

खात्री करायला त्याने एक भाग दुकानातल्या टीव्हीवर लावला. गाणी भरायला आलेला एक उंचापुरा ड्रायव्हर काउंटरला टेकून उभा होता. त्यानेही पाहायला सुरुवात केली. चिंधीने बूट धुतला, उन्हात ठेवला, घाण पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, हात पुसले, खिडकीशी आली. "माझं झालं. आता तुझं." खिडकी लागली. पडदा काळा झाला.

"बस? खतम?" ड्रायव्हर म्हणाला. थोडा वेळ तसाच उभा राहिला, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "चलो, चाय पी लेते हैं." आणि खरंच गेला. विवेक आणि मी एकमेकांकडे पाहून हसत सुटलो.

शनिवारची संध्याकाळ सुरळीत गेली. खिडकी लागली, सुरभी उठली, बटन दाबलं. पण रविवार उरलाच होता. अंकिताला फोनवर हे सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तिच्या कानात किंचाळणं बसलं होतं, ते माझ्या बोलण्याने निघणारं नव्हतं. डोळ्यांनी पाहू दे.

ती आली ती मोठी बॅग घेऊनच. रिकामी बॅग, सुरभीच्या कपड्यांसाठी. ती दारामागे ठेवलेली मला दिवसभर डाचत होती. आदेशही आला होता, तो माझ्याकडे पाही, बायकोकडे पाही, आणि शेवटी गोठ्यात जाऊन बसला. मी पेनड्राइव्हची गोष्ट सांगितली. अंकिताने ती नीट ऐकली. ती म्हणाली, "समजलं मले, आई. पण हे पुन्हा होईन. आज शेवट कापला, उद्या आणखी काई. दरवेळी काई ना काई मोडनच. अन् मोडलं का पोरगी अशी करन, तर तुमी दोघं म्हातारे कसे सांभाळान?"

खोटं काय होतं त्यात? 

संध्याकाळी मी ओसरीत मेथी घेऊन बसले.  सुरभीने आईला सांगितलं, "दोन भाग." आईला खाली बसवलं आणि तिच्या मांडीवर पाठ टेकून बसली. पहिला भाग झाला, खिडकी लागली. यांनी दुसरा लावला. बुटाचा. चिंधीने बूट हातात घेतला, चिखल पाहिला, पाण्यात बुडवला, ब्रशने घासायला लागली.

आणि लाईन गेली.

टीव्ही काळा. ओसरीत संधिप्रकाश. घरात कोणी हलेना. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी अंकिताकडे, अंकिताने सुरभीकडे. बूट अर्धा धुतलेला, आणि शेवट नाही. मी मनातल्या मनात विद्युत मंडळाच्या सात पिढ्या काढल्या. या लाईनीला आणखी थोडं थांबता आलं नसतं का? मला वाटलं, गेली पोरगी. आत्ता किंचाळेल आणि ती बॅग दारामागून पुढे येईल.

सुरभीने टीव्हीकडे पाहिलं. ओठ थरथरले तिचे. मी पाहिलं ते. हाताच्या मुठी आवळल्या. मग ती आईच्या मांडीवरून उठली आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, पाठ टीव्हीकडे आणि तोंड आमच्याकडे.

"मंग न," ती म्हणाली, "चिंधीनं बूट घासला. लय घासला. टाचीजवळचा बी." थांबली. आमच्याकडे पाहत राहिली, चिंधी पाहते तशी. कोणाला कळेना काय करायचं ते.

"आता कुठं ठेवू?" तिने विचारलं.

पुन्हा शांतता. आणि माझा नवरा, ज्याने या शांततेपायी टीव्हीला चापट मारली होती, तो हळूच म्हणाला, "उन्हात ठेव न, बाई."

"मंग उन्हात ठेवला," सुरभी समाधानाने म्हणाली. "अन् पाणी फेकलं नाई. झाडाले टाकलं. अन् हात पुसले." तिने फ्रॉकला हात पुसले. मग दोन्ही हात पुढे धरले आणि खिडकीची दारं लावावी तसे हळूहळू जवळ आणले. "माह्यं झालं. आता तुह्यं."

तिने वळून टीव्हीचं बटन दाबलं. लाईन नसताना दाबलं, म्हणजे ती आली तर टीव्ही आपल्या मनाने सुरू होऊ नये. ओसरीत आली, माझ्यासमोर मांडी घातली आणि मेथीच्या ढिगात हात घातला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी काही लपवून ठेवणार नाही. अभिमानाने माझा ऊर भरून आला. बाजारात कोणी माझी जुडी हातात धरून वाहवा करतो तेव्हा मी मान उडवून दुसरीकडे पाहते, पण त्या दिवशी मला कुठेच पाहता येईना. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि रागही येत नव्हता. तिच्यासाठी शेवट कोणी आणला नव्हता. टीव्हीने नाही, विवेकने नाही, मी नाही. तो तिच्या आतच तयार झाला होता. अंकिताने रुजवला होता, आम्ही सांभाळला होता, आणि आज तो पोरीने आपल्या हाताने काढून आमच्यासमोर ठेवला होता.

अंकिता अजून तिथेच बसली होती, मांडी रिकामी. तिला वॉर्डात रडणारी शंभर पोरं सांभाळता येतात, पण आपली हसती पोरगी पाहून तिचा धीर सुटला. तिने ओढणी तोंडाला लावली.

"आई रडून राह्यली," सुरभीने मला खबर दिली. मग तिने ढिगातून मूठभर मेथी उपसली. अर्ध्या काड्या गवताच्या, मुळांना मातीचे गोळे, पानं कुठेही तोंड करून. तिच्यावर सुतळी गुंडाळली, गाठ जमेना म्हणून दोन्ही टोकं नुसती पिळली, आणि ती जुडी नेऊन आईच्या मांडीवर ठेवली.

"आता तुह्यं," ती म्हणाली.

अंकिताने डोळे पुसले आणि ओसरीत येऊन बसली. आदेश गोठ्यातून आला, तोही बसला. लाईन आली तेव्हा आम्ही पाचही जण जुड्या बांधत होतो आणि टीव्ही बंद होता. मधे हे उठले, दारामागची बॅग उचलली आणि कोणाला न विचारता माळ्यावर टाकून आले. अंकिताने ते पाहिलं. नुसतं म्हणाली, "बाबा, मुळं खाली ठेवून बांधा."

सोमवारी पहाटे ती सेवाग्रामला निघाली तेव्हा मी तिला टेम्पोजवळ सोडायला गेले. तिच्या खांद्याला नेहमीची पर्स होती. तिच्यातून मेथीची पानं आणि मातीने भरलेली मुळं बाहेर आली होती.

"ते जुडी सोडून नीट बांधून देऊ का?" मी विचारलं. सवयीने हात पुढे गेलाच माझा.

"नाई, आई," ती म्हणाली. "हे अशीच राहू द्या. वॉर्डात दाखवतो साऱ्यांले."